फीड खरं सांगत होतं, आमच्या चाळणीनं ते अडवलं

आमची शेतकऱ्यांची सहकारी संस्था आहे, नाशिक जिल्ह्यात, सभासद चारशेच्या वर आणि बहुतेक सगळे कांदावाले. रोज संध्याकाळी सहा वाजता ग्रुपवर बाजारभावाची पोस्ट जाते, तालुक्याच्या बाजार समितीचा आणि आजूबाजूच्या पाच बाजारांचा कांद्याचा भाव, कमीत कमी, जास्तीत जास्त आणि सर्वसाधारण. हे आकडे मी data.gov.in वरच्या रोजच्या मंडी भावाच्या फीडमधून घेते. बाजार समितीत लिलाव संपला की तिथला ऑपरेटर आकडे भरतो, ते अॅगमार्कनेट या केंद्र सरकारच्या बाजारभावाच्या पोर्टलवर चढतात आणि तिथून या फीडमध्ये येतात. एका ओळीत राज्य, जिल्हा, बाजार, शेतमाल, जात, तारीख आणि तीन भाव, सगळे क्विंटलचे रुपयात. आवक किती झाली ते या फीडमध्ये नसतं, आणि त्यात फक्त चालू दिवसाचा डेटा असतो म्हणून कालचं हवं असेल तर आपलं आपण साठवून ठेवावं लागतं.

सुरुवातीला मी आलेला आकडा जसाच्या तसा पाठवायचे. मग एकदा एका बाजाराचा सर्वसाधारण भाव ३६०० च्या जागी ३६००० आला, एक शून्य जास्त पडलं होतं, आणि तो तसाच ग्रुपवर गेला. दहा मिनिटांत पंधरा फोन. त्या रात्री बसून मी तपासणी टाकली, गेल्या सात लिलावांच्या भावाचा मधला आकडा काढायचा आणि आजचा भाव त्याच्यापेक्षा तीस टक्क्यांहून जास्त वर किंवा खाली असेल तर तो चुकीचा धरायचा. चुकीचा धरला तर पोस्टमध्ये काय टाकायचं? रिकामी जागा बरी दिसत नाही म्हणून मी कालचा भाव टाकायचं ठरवलं. कोड एवढाच होता:

```python
if abs(aaj - med7) / med7 > 0.30:
    aaj = shevatcha_bhav
```

ही दुसरी ओळ पुढे महागात पडली, आणि पडली ती सभासदाला.

७ डिसेंबर २०२३ ला केंद्रानं कांदा निर्यातबंदीची अधिसूचना काढली, ३१ मार्चपर्यंत बंदी. शुक्रवारी ८ तारखेला जिल्ह्यात बऱ्याच ठिकाणी शेतकऱ्यांनी लिलाव बंद पाडले, आमच्या तालुक्यातही. गुरुवारी आमच्याकडे लाल कांद्याचा सर्वसाधारण भाव ३६५० होता. शुक्रवार, शनिवार लिलाव नाही, रविवारी सुट्टी, म्हणजे तीन दिवस फीडमध्ये आमच्या बाजाराची ओळच आली नाही. ओळ नाही आली तर प्रोग्राम पुन्हा शेवटचा भावच उचलायचा, आणि वर मथळा असायचा "आजचे बाजारभाव". म्हणजे ज्या तीन दिवसांत एक पिशवीसुद्धा विकली गेली नाही त्या तीन दिवसांत आमच्या ग्रुपवर ३६५० दिसत होता. मी त्या दिवसांत जिल्हा बँकेच्या कागदांच्या मागे होते, पोस्ट आपोआप जाते म्हणून उघडूनही बघितली नाही.

सोमवारी ११ तारखेला लिलाव उघडले. मंगळवारी दुपारी बाराच्या सुमारास ऑफिसच्या दारात ट्रॅक्टर उभा राहिला, ट्रॉली रिकामी, आणि नाना खाली उतरले. नाना आमचे जुने सभासद, संस्था सुरू झाली तेव्हापासूनचे. आत येऊन त्यांनी खिशातनं लिलावाची पट्टी काढली आणि माझ्या टेबलावर ठेवली, मग मोबाईल काढून आमची सोमवारची पोस्ट उघडून तो पट्टीच्या शेजारी ठेवला. पट्टीवर २१८०. मोबाईलवर ३६५०.

"ताई, यातलं कोणतं खरं?"

मी म्हटलं नाना, पट्टीच खरी, पण बंदीचं तर तुम्हाला माहीत होतं ना. तर म्हणाले, "माहीत होतं ना. टीव्हीवर दोन दिवस तेच चाललंय. पण आपल्या ग्रुपवर भाव हलला नाही, म्हटलं आपल्याकडं तेवढा परिणाम झाला नसंल. टीव्हीवाल्यांपेक्षा तुमच्यावर जास्त भरवसा."

आणि मग जे सांगितलं त्यानं मला खुर्चीत बसवेना. सोमवारी संध्याकाळी एक व्यापारी शिवारात आला होता, बांधावर २५०० नं माल उचलतो म्हणाला. नानांनी त्याला आमची पोस्ट दाखवली आणि परत पाठवला. मंगळवारी सकाळी मजूर लावून अठ्ठावीस क्विंटल भरला, भाड्याचा ट्रॅक्टर केला आणि बाजारात २१८० नं द्यावा लागला. क्विंटलमागे ३२० कमी, म्हणजे ८९६० रुपये, भाडं वेगळं. थांबता येईल असा हा माल नाही, लाल कांद्यात पाणी जास्त, तो उन्हाळीसारखा चाळीत महिनोन्महिने ठेवता येत नाही, काढला की विकायचा. थांबले असते तर जास्त मिळालं असतं असं मी म्हणणार नाही कारण पुढे भाव आणखी पडलेच, पण बांधावरचे २५०० हातात आलेले होते आणि ते आमच्या आकड्यामुळे गेले.

नाना गेल्यावर मी लॉग उघडला. सोमवारची ओळ तिथं होती:

```
2023-12-11 18:05 REJECT modal=2300 med7=3600 used=3650
```

म्हणजे फीडनं बरोबर सांगितलं होतं. बाजारातल्या ऑपरेटरनं बरोबर भरलं होतं, २३००. ३६०० वरून २३०० म्हणजे छत्तीस टक्के घट, माझी मर्यादा तीस, म्हणून माझ्या प्रोग्रामनं खरा आकडा फेकून दिला आणि चार दिवसांपूर्वीचा मेलेला आकडा "आजचा" म्हणून छापला. आणि हे नेमकं त्या दिवशी झालं ज्या दिवशी सभासदाला खऱ्या आकड्याची सगळ्यात जास्त गरज होती, कारण रोज पन्नास-शंभर रुपयांनी हलणारा भाव पोस्ट नसली तरी लोकांना अंदाजानं कळतोच.

पहिलं काम केलं ते ग्रुपवर सरळ लिहिलं, की शुक्रवार ते सोमवार चारही दिवसांचे आमच्या बाजाराचे भाव चुकीचे गेले, सोमवारचा खरा भाव २३००, चूक ऑफिसची आहे, बाजार समितीची नाही. अध्यक्ष म्हणाले एवढं उघड लिहायची गरज आहे का. मी म्हटलं दादा, नाना एकटेच इथवर आले, बाकी किती जणांनी त्या आकड्यावर व्यापारी परत पाठवला ते आपल्याला कुठं माहीत आहे. मग ते काही बोलले नाहीत.

मग तपासणी नव्यानं लिहायला घेतली. मर्यादा तीसची पन्नास करून भागलं नसतं. एक शून्य जास्त पडलं तर आकडा दहापट होतो, ते पन्नासच्या मर्यादेतही सापडतं हे खरं, पण ३६०० चे २६०० टाईप झाले तर नुसत्या टक्केवारीवरून खरी घसरण आणि टायपिंगची चूक वेगळी ओळखता येत नाही. २६०० ही चूकही असेल आणि निर्यातबंदीही असेल. एकट्या बाजाराकडे बघून ते कळणारच नाही.

पण शेजारी बघितलं तर कळतं. मी सोमवारचे साठवलेले आकडे काढले. शेजारच्या पाचपैकी चार बाजार उघडले होते, आणि प्रत्येकाचा आजचा भाव भागिले त्याचाच सात लिलावांचा मधला भाव असं केलं तर ०.६६, ०.६१, ०.६८, ०.६३ आलं. आमचं ०.६४. सगळे एकत्र पडले होते, म्हणजे बाजारच पडला. उलट त्या ३६००० च्या दिवशी आमच्याकडे साठवलेलं होतं ते बघितलं तर त्या एका बाजाराचं गुणोत्तर दहा आणि बाकी सगळे एकच्या आसपास. एकटाच उडाला म्हणजे बोट चुकलं. कांदा व्यापारी पंधरा-वीस किलोमीटरवरच्या दोन बाजारांत एवढा फरक टिकूच देत नाही, ज्याला जास्त मिळतंय तिकडं दुसऱ्या दिवशी गाड्या वळतात.

```python
apla = aaj / med7
sheji = median(shejar_gunottar) if len(shejar_gunottar) >= 3 else None   # किमान तीन बाजार हवेत
if sheji and 0.8 < apla / sheji < 1.25:
    pathav(aaj)
else:
    thamb()      # जुना भाव कधीच नाही
```

`thamb()` मध्ये आकडा छापतच नाही. पोस्टमध्ये त्या जागी "तपासणी सुरू, फोन करा" जातं आणि मला मेसेज येतो, मग मी बाजारात रोज लिलावाला असणाऱ्या आमच्या सभासदाला फोन करून विचारते, त्यानं सांगितलेला भाव हातानं भरते आणि पुढे "फोनवरून" असं लिहिते. सहापर्यंत तीन शेजाऱ्यांनी आकडे चढवलेच नसतील तरीही तसंच. उशिरा भरणारे बाजार आहेत, त्यामुळे आठवड्यातनं एखाद-दोन फोन करावे लागतात, त्याला इलाज नाही. आणि arrival_date आजची नसेल किंवा ओळच आली नसेल तर "लिलाव नाही, शेवटचा भाव गुरुवार ७ डिसेंबर" असं तारखेसकट. वरचा "आजचे बाजारभाव" हा मथळा मी काढूनच टाकला, आता प्रत्येक बाजारापुढे त्याची त्याची तारीख असते.

एक गोष्ट मात्र यातनंही सुटते. उन्हाळी संपून लाल सुरू होतो त्या दिवसांत एकाच बाजाराच्या दोन ओळी येतात, दोन जातींच्या, आणि त्या मिसळल्या तर गुणोत्तर उगाच बिघडतं. म्हणून सात लिलावांचा मधला भाव आता जातीनुसार वेगळा काढते, पण नवीन जातीचे पहिले चार-पाच दिवस हाताशी मागचे आकडेच नसतात, तेव्हा सरळ फोन.

४ मे २०२४ ला बंदी उठली, किमान निर्यात मूल्य आणि चाळीस टक्के शुल्क ठेवून. शनिवार होता. संध्याकाळी मी मुद्दाम स्क्रीनसमोर बसून होते. आमच्याकडे उन्हाळी कांदा सात लिलावांच्या १४५० वरून १९०० वर गेला, म्हणजे १.३१, जुन्या तपासणीनं हाही फेकला असता. शेजारी चार बाजारांचे आकडे आले होते, चारही वर, आणि पोस्ट सहा वाजून चार मिनिटांनी गेली.

सव्वासहाला नानांचा फोन. त्या डिसेंबरनंतर भाव जास्त हलला की ते फोन करून विचारतातच.

"ताई, एकोणीसशे खरं का?"

"खरं आहे नाना. शेजारचे चार बाजार बघितलेत, सगळीकडं वाढलाय."

"बरं," म्हणाले, "मग निम्मा चाळीतच राहू देतो. सोमवारचाही टाका हं, जो असंल तो."