रांग लावली, तरी डेटाबेस दमत होता

महिन्याच्या १ तारखेला सकाळी आमच्या प्रणालीत अहवालांची झुंबड उडायची. दहा मिनिटांत साधारण २४० मागण्या. प्रत्येक मागणी थेट डेटाबेसवर जड क्वेरी चालवायची, कनेक्शन पूल भरून जायचा आणि ज्यांना अहवाल नकोच होता त्यांचंही लॉगिन अडकायचं. मला खटकायचं ते हेच.

मग मध्ये रांग घातली. बटण दाबलं की सर्व्हर मागणी रांगेत टाकतो, लगेच `202` आणि जॉबचा क्रमांक परत देतो. मागे वर्कर एकेक जॉब उचलतात, अहवाल फाइलमध्ये ठेवतात आणि वापरणाऱ्याला दुवा पाठवतात. पुढच्या १ तारखेला मी निर्धास्त होतो, आणि डेटाबेस पुन्हा झोपला.

कारण मीच पेरलं होतं. रांग वाढली की वर्कर वाढवायचे, असं ऑटोस्केलिंग लावलं होतं. वर्कर २० झाले, म्हणजे तीच गर्दी रांगेच्या दारातून पुन्हा आत आली. रांग फक्त मागण्या धरून ठेवते. डेटाबेसवर किती भार पडणार हे एकाच वेळी किती वर्कर चालतात त्यावरच ठरतं.

म्हणून बसून मोजलं. चार वर्कर असताना एक अहवाल ४० सेकंदांत होत होता, म्हणजे मिनिटाला सहा. आठ केले तर डिस्कसाठी ओढाताण होऊन प्रत्येकाला ९० सेकंद लागले, म्हणजे मिनिटाला जेमतेम सव्वापाच. वर्कर दुप्पट करूनही काम उलट कमी झालं! आकडा चारवर पक्का केला. २४० अहवालांना ४० मिनिटं लागणार, हे पडद्यावर स्पष्ट दाखवायला लागलो. वाट किती पाहायची हे कळल्यावर लोक पुन्हापुन्हा बटण दाबेनासे झाले.

एक दुखणं मात्र उरलं. काहींना एकच अहवाल दोनदा मिळत होता. लॉगमध्ये तोच जॉब क्रमांक दोन वर्करांकडे दिसला, बरोबर ६० सेकंदांच्या अंतराने. आमच्या रांगेचा व्हिजिबिलिटी टाइमआउट ६० सेकंदांचा होता. वर्करने उचललेला संदेश तेवढा वेळ इतरांना दिसत नाही. तोवर काम संपून तो पुसला गेला नाही, तर वर्कर मेला असं समजून रांग तो दुसऱ्याला देते. आमचे मोठे अहवाल ७०-७५ सेकंद घ्यायचे. म्हणजे सर्वांत जड क्वेऱ्याच दोनदा चालत होत्या, आणि त्याही ऐन गर्दीत.

आता वर्कर दर २० सेकंदांनी ती मुदत पुढे ढकलतो आणि फाइल ठेवून झाल्यावरच संदेश पुसतो. पुसण्याआधीच वर्कर कोसळला तर जॉब पुन्हा येणारच, म्हणून काम सुरू करताना त्या क्रमांकाची फाइल आधीच आहे का हेही तो पाहतो.

अलार्म मी रांगेच्या लांबीवर ठेवलेला नाही. सर्वांत जुना जॉब ४५ मिनिटांहून अधिक काळ थांबला, तरच तो वाजतो.