नीट हुकली, पण सीईटीचा फॉर्म भरलेला होता

तुमच्यातले बरेच जण नीटला बसणार म्हणून ठाण्याच्या या हॉलमध्ये मी फक्त एका गोष्टीवर बोलणार आहे. नीटमध्ये मी नापास झाले आणि आता बी.फार्म. झाले. हे जमलं, कारण सीईटीचा फॉर्म मी आधीच भरून ठेवला होता.

नीट मेच्या सुरुवातीला होते, निकाल जूनमध्ये लागतो. एमएचटी-सीईटीचे अर्ज मात्र साधारण जानेवारी-फेब्रुवारीतच भरून घेतात. निकाल बघून ठरवू म्हणणाऱ्याला तोवर खिडकी बंद झालेली दिसते. म्हणून पीसीबी गटाचा फॉर्म भराच, नीटची तयारी कितीही चांगली असली तरी.

अभ्यास बहुतेक तोच असतो, सवय मात्र बदलावी लागते. नीटमध्ये चुकलेल्या उत्तराला एक गुण कापतात, म्हणून आपण शंका आली की प्रश्न सोडतो. सीईटीत गुण कापत नाहीत. भौतिक-रसायनचे 100 प्रश्न 90 मिनिटांत सोडवायचे असतात. वेळ संपल्यामुळे 12 कोरे राहिले, तर नुसत्या अंदाजाने सरासरी मिळाले असते ते 3 गुण आपण स्वतःहून सोडतो. शेवटची दोन मिनिटं राखा आणि काहीच रिकामं ठेवू नका.

खरा घोळ होतो तो कॅपच्या, म्हणजे केंद्रीय प्रवेश प्रक्रियेच्या ऑप्शन फॉर्ममध्ये, जिथे कॉलेजं पसंतीच्या क्रमाने लिहायची असतात. समजा, कळव्याच्या मुलीला मुंबईतलं एक कॉलेज मनापासून हवंय, पण ‘ते मिळणार नाही’ म्हणून तिने नेरूळचं पहिल्या क्रमांकावर टाकलं. पहिल्या फेरीत तेच मिळालं. पहिली पसंती मिळाली की जागा आपोआप फ्रीझ होते, पुढच्या फेऱ्यांत बदलता येत नाही. यंत्रणा यादी वरून खाली तपासते. वर अवघड कॉलेज लिहिल्याने खालच्याची संधी कमी होत नाही. म्हणून क्रम आवडीचा लावा, शक्यतेचा नाही. मात्र जिथे रोज जाणं जमणारच नाही, ते कॉलेज यादीत नकोच. प्रॅक्टिकल चार-चार तासांची असतात आणि हजेरी लागते. ट्रान्स-हार्बरची गाडी चुकवून भागत नाही.

राखीव प्रवर्गातून जाणाऱ्यांनी जात वैधतेचा अर्ज अकरावीतच टाका. तिला महिने लागतात. नॉन-क्रिमीलेयरची वैधताही तपासा, 31 मार्चला मुदत संपलेलं प्रमाणपत्र चालत नाही.

आणि ज्यांनी गणित टाळायला पीसीबी घेतलंय, त्यांना आत्ताच सांगते: बी.फार्म.च्या पहिल्या सत्रात ‘रेमेडियल मॅथेमॅटिक्स’ असतं. अकरावीचं लॉगरिदम आणि डेरिव्हेटिव्ह सुट्टीत एकदा बघून ठेवा.