‘यूज्ड टू’च्या पुढे कधी ‘गो’, कधी ‘गोइंग’

“मॅडम, ‘आय यूज्ड टू गो’ बरोबर, मग ‘आय अ‍ॅम यूज्ड टू गो’ चूक का? ‘टू’च्या पुढे क्रियापदाचं पहिलं रूपच येतं असं शाळेत शिकवलंय ना?”

शाळेत शिकवलं ते खरं आहे, पण ते एका ‘टू’बद्दल. इंग्रजीत ‘टू’ दोन आहेत. ‘आय वॉन्ट टू गो’मधला ‘टू’ क्रियापदाला चिकटलेला असतो, त्याच्यापुढे पहिलं रूपच लागतं. ‘आय गो टू स्वारगेट’मधला ‘टू’ मात्र प्रिपोझिशन आहे. त्याच्यापुढे नाम येतं. तिथे क्रियापद आणायचंच झालं, तर त्याला आधी नामाचं रूप द्यावं लागतं, आणि ते रूप म्हणजे ‘आयएनजी’.

‘आय यूज्ड टू गो’मधला ‘टू’ पहिल्या जातीचा आहे. अर्थ: मी जायचो, आता जात नाही. ‘आय अ‍ॅम यूज्ड टू’मधला ‘टू’ दुसऱ्या जातीचा. अर्थ: मला सवय आहे. कशाची सवय? गोंगाटाची, थंडीची, चालण्याची. मराठीतसुद्धा ‘ची’च्या आधी आपण ‘चालणे’ हे क्रियापद नामासारखंच वापरतो. म्हणून ‘आय अ‍ॅम यूज्ड टू द नॉइज’ आणि ‘आय अ‍ॅम यूज्ड टू वॉकिंग’.

शंका आली की क्रियापद काढून तिथे ‘इट’ ठेवून बघा. ‘आय अ‍ॅम यूज्ड टू इट’ हे पूर्ण वाक्य झालं, म्हणजे पुढे ‘आयएनजी’ लागणार. ‘आय यूज्ड टू इट’ हे वाक्यच होत नाही, म्हणजे तिथे पहिलं रूप. ऑफिसात मेल लिहिणाऱ्यांना हा दुसरा ‘टू’ रोज भेटतो. ‘लुकिंग फॉरवर्ड टू मीटिंग यू’मधला ‘टू’ तोच आहे. तिथे ‘मीट’ लिहिणारेच इथे ‘आय अ‍ॅम यूज्ड टू वर्क’ म्हणतात. एक चूक सुटली की दुसरीही सुटते.

पण ज्या चुकीची मला जास्त काळजी वाटते, ती व्याकरणात दिसतच नाही. लातूरहून पुण्याला आलेला एक विद्यार्थी हिंजवडीतल्या एका मुलाखतीची तयारी करत होता. मी विचारलं, नाईट शिफ्ट चालेल का? तो म्हणाला, “येस मॅडम, आय यूज्ड टू वर्क नाईट शिफ्ट्स.” वाक्यात एकही चूक नाही. पण ऐकणाऱ्याला कळलं ते असं, की पूर्वी नाईट करायचा, आता करत नाही. तो तर तेव्हाही नाईटच करत होता, आणि त्याला सांगायचं होतं की मला सवय आहे, माझी काही अडचण नाही. समोरच्याने पुढचा प्रश्न ‘मग सोडली का?’ असा विचारला असता, तर हा गोंधळला असता. त्याला हवं असलेलं वाक्य होतं ‘आय अ‍ॅम यूज्ड टू वर्किंग नाईट शिफ्ट्स’. मध्ये एक ‘अ‍ॅम’ आणि शेवटी ‘आयएनजी’, दोन्ही एकदम यायला हवेत. पहिल्या दुरुस्तीत त्याने फक्त ‘अ‍ॅम’ आणला आणि ‘वर्क’ तसंच ठेवलं. बहुतेक जण तिथेच अडकतात.

याच घरातली आणखी एक सवय म्हणजे आजच्या दिनक्रमासाठी ‘आय यूज टू गेट अप अ‍ॅट सिक्स’ म्हणणं. ‘यूज्ड टू’ला वर्तमानकाळ नाही. रोज सहाला उठत असाल तर ‘आय गेट अप अ‍ॅट सिक्स’ एवढंच म्हणा, फार तर ‘यूजुअली’ घाला.

आता ‘गेट यूज्ड टू’. ‘अ‍ॅम यूज्ड टू’ म्हणजे सवय आहे, ‘गेट यूज्ड टू’ म्हणजे सवय होणं. पुण्यात नवीन आलेला माणूस पेठांमधल्या एकेरी रस्त्यांवर पहिल्या आठवड्यात म्हणेल ‘आय अ‍ॅम नॉट यूज्ड टू रायडिंग हिअर’. थोडं अंगवळणी पडायला लागलं की ‘आय अ‍ॅम गेटिंग यूज्ड टू रायडिंग हिअर’. आणि पुढे कधीतरी ‘आय हॅव गॉट यूज्ड टू इट’. काळ बदलतो तो ‘गेट’चा, ‘यूज्ड’ला कुणी हात लावत नाही. मधल्या वाक्यात ‘आयएनजी’ दोनदा आला म्हणून पुष्कळ जण त्यातला एक खोडतात. खोडू नका. ‘गेटिंग’चा ‘आयएनजी’ चालू काळाचा आहे, ‘रायडिंग’चा त्या ‘टू’मुळे आलेला आहे.

प्रश्न आणि नकार करताना मात्र ‘यूज्ड’कडे नीट बघावं लागतं. ‘डिड यू यूज टू लिव्ह इन लातूर?’ इथे ‘डिड’ आला, भूतकाळ त्याने घेतला, म्हणून लिहिताना ‘यूज्ड’चा शेवटचा ‘डी’ गेला. ‘आय डिडन्ट यूज टू ड्रिंक कॉफी’ यातही तसंच. पण ‘डिड यू गेट यूज्ड टू लिव्हिंग इन पुणे?’ यात ‘डी’ राहतो, कारण ‘डिड’ने ‘गॉट’चं ‘गेट’ केलं आणि त्याचं काम संपलं. ‘यूज्ड’ इथे क्रियापद नाहीच, ते ‘टायर्ड’सारखं विशेषण आहे. बोलताना हा ‘डी’ पुढच्या ‘ट’मध्ये विरून जातो, ऐकून फरक कळत नाही. म्हणून ही चूक लिहितानाच पकडावी लागते.

यावर कुणीतरी हमखास विचारतं, मग ‘धिस नाइफ इज यूज्ड टू कट ब्रेड’ कसं बरोबर? तिथे ‘इज’ही आहे आणि ‘कट’ही. ते वाक्य सवयीचं नाही, वापरण्याचं आहे: ही सुरी ब्रेड कापायला वापरतात. सुरीला सवय नसते, त्यामुळे अर्थावरून लगेच ओळखता येतं. उच्चारही वेगळा आहे. वापरण्याचा तो ‘यूझ्ड’, त्यात ‘झ’ स्पष्ट. जायचो-यायचोचा आणि सवयीचा मात्र ‘यूस्टू’, ‘स’ घेऊन आणि दोन्ही शब्द जोडून. आपल्याकडे सगळीकडे ‘झ’च ऐकू येतो. तेवढा ‘स’ आणला तरी बोलणं पुष्कळ साफ वाटतं.

एक मर्यादा तेवढी लक्षात ठेवा. किती वर्षं ते सांगायचं असेल, तर ‘यूज्ड टू’ वापरू नका. ‘आय यूज्ड टू लिव्ह इन लातूर फॉर फाइव्ह इयर्स’ चुकीचं. ‘मी पाच वर्षं लातूरला राहायचो’ हे मराठीतही कानाला खटकतं. आपण ‘राहिलो’ किंवा ‘राहत होतो’ म्हणतो. इंग्रजीत तिथे साधा भूतकाळ: ‘आय लिव्ह्ड इन लातूर फॉर फाइव्ह इयर्स’. मुदत न सांगता नुसतं पूर्वी राहायचो एवढंच म्हणायचं असेल, तेव्हा ‘आय यूज्ड टू लिव्ह इन लातूर’.