वर्गाचा परिचय लिहिताना

साताऱ्यात माझा कथकचा वर्ग बरीच वर्षं तोंडी ओळखीवर चालला. यंदा मोठ्यांची वेगळी तुकडी सुरू करायची ठरली, तेव्हा एका विद्यार्थिनीने माहितीपत्रक करायला घेतलं आणि माझ्याकडे एक पानभर परिचय मागितला. मला वाटलं, तासाभराचं काम. पहिल्याच ओळीला अडलं : घराणं कोणतं लिहायचं?

पालक विचारतात तेव्हा 'लखनौ' म्हटलं की पुरतं. पण कागदावर ते अर्धंच खरं ठरलं असतं. मी पुण्यात ज्या ताईंकडे शिकले त्या रोहिणीताई भाटे यांच्या परंपरेतल्या. रोहिणीताईंनी १९४७ साली पुण्यात नृत्यभारती सुरू केली. त्या लखनौ घराण्याच्या लच्छू महाराजांकडे शिकल्या, तशाच मोहनराव कल्याणपूरकरांकडेही, आणि मोहनरावांना जयपूर घराण्याच्या सुंदरप्रसादांची तालीम होती. त्यामुळे आमच्या अंगात लखनौची नजाकत आहे आणि जयपूरचं पायांचं, लयीचं कामही आहे. शेवटी घराण्याचा शिक्का न मारता ही साखळीच दोन वाक्यांत लिहिली.

मोठ्या कलाकारांच्या कार्यशाळा मीही केल्या आहेत. त्या वेगळ्या ओळीत, 'कार्यशाळा' म्हणूनच घातल्या. पाच दिवसांच्या शिबिरावरून 'अमुक यांच्या शिष्या' असं छापायची आमच्या क्षेत्रात रीत पडली आहे, ती मला पटत नाही. पालकांनी खुशाल विचारावं : कोणाकडे, किती वर्षं, आणि अजून जाता का?

शिकवण्याची पद्धत लिहिणं त्याहून अवघड. 'वैयक्तिक लक्ष दिले जाते' हे तर शेजारच्या शिकवणीच्या पाटीवरही आहे. मग ठरवलं, वर्गात प्रत्यक्ष काय होतं तेच लिहायचं.

आमच्याकडे आधी पढंत, म्हणजे बोल तोंडाने म्हणणं, मग पाय. तीनतालाच्या सोळा मात्रा हातावर धरायच्या. पहिल्या, पाचव्या आणि तेराव्या मात्रेला टाळी, नवव्याला खाली. त्यावर 'ता थै थै तत, आ थै थै तत' तोंडाने स्वच्छ आलं की तत्कार पायात. घुंगरू लगेच नाहीत. पाऊल सपाट आणि एकसारखं पडतंय का, ते घुंगरांच्या आवाजात लपून जातं. लहान मुलांना पुढे पायाला पंचवीस-पन्नास, मग वाढवत शंभर.

मोठ्यांचं गणित उलटं असतं. तिहाईचंच घ्या. 'तिग दा दिग दिग थै', एका मात्रेला एक बोल, असा पाच मात्रांचा तुकडा पहिल्या मात्रेपासून, म्हणजे समेपासून, तीनदा घ्यायचा आणि मध्ये दोन वेळा एकेक मात्रा थांबायचं. पाच, एक, पाच, एक, पाच म्हणजे सतरा, आणि सतरावी मात्रा हीच पुढची सम. हे चाळिशीतल्या बाईंना फळ्यावर एकदा दाखवलं की कळतं. नाचताना मात्र थांबायची ती मात्रा गिळली जाते आणि शेवटचा थै पंधराव्यावर पडतो. साथीला फिरत असलेली लेहऱ्याची धून अजून समेवर यायची असते, तेव्हा आपण लवकर पोचलो हे ऐकणाऱ्याला लगेच समजतं. नाचणारीला ते समजायला हवं असेल, तर थांबायच्या मात्रेवर नुसता हात हलवून ती तोंडाने मोजायची. आठ वर्षांच्या मुलीला हिशेब विचारलात तर सांगता येणार नाही, पण लेहऱ्यावर ती बरोबर समेवर येते. म्हणून दोघींना एका तुकडीत ठेवत नाही. हे कारण परिचयात स्पष्ट घातलं.

मोठ्यांसाठी आणखी एक ओळ : गुडघा किंवा टाच दुखत असेल तर आधी सांगा. फरशीवर जोरात पाय मारला की हादरा वर चढतो, त्यामुळे आम्ही जाड सतरंजी घालतो आणि सुरुवातीला विलंबितच ठेवतो. चक्कर टाचेवर घ्यायचे असतात, ते पाय तयार झाल्यावरच. वय आड येत नाही असं मात्र मी लिहिलं नाही. द्रुत लयीतला तत्कार पन्नाशीत सुरू करणारीला बहुधा मर्यादितच जमतो. अभिनय आणि गोष्ट सांगणारे गतभाव यांत तीच मुलींच्या पुढे असते.

राहिल्या परीक्षा. पालकांचा पहिला फोन त्याच्यासाठीच येतो, दहावीच्या वाढीव गुणांमुळे. गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या प्रारंभिकपासून विशारद पूर्णपर्यंत सात परीक्षा आहेत आणि मी त्यांची तयारी करून घेते. पण दरवर्षी एक उरकायचीच, असं बांधून घेत नाही. मधल्या, मध्यमा परीक्षांच्या आसपास पढंत आणि पाय दोन्ही पक्के लागतात. तिथे वर्षभर थांबावं लागलं तर मी थांबवते. माहितीपत्रकवाली म्हणाली, "ताई, हे वाचून दोन-चार जण येणार नाहीत." तरी ती ओळ तशीच छापली. खाली शुल्क, वेळा आणि 'पहिले दोन वर्ग नुसते बसून बघा' एवढं घालून पान तिच्याकडे पाठवलं.