खानापूरच्या जंगलपट्ट्यातून कुस्ती मैदानाचं लाइव्ह: कमी अपलोडमध्ये चित्र स्वच्छ कसं ठेवायचं

बेळगावहून चोर्ल्याच्या रस्त्याला जांबोटी मागे टाकली की झाडी दाट होते आणि मोबाइलचे टॉवर विरळ होत जातात. त्या पट्ट्यातल्या एका गावात यात्रेच्या कुस्त्यांचं थेट प्रसारण करायला गेलो होतो. गावचे अर्धे तरुण गोव्यात आणि पुण्यात नोकरीला, त्यांना मैदान बघायचं असतं. आदल्या वर्षी गावातल्या पोरांनी मोबाइलवरून लाइव्ह केलं होतं. त्याबद्दल यात्रा कमिटीतले मामा म्हणाले, "पुण्यासनं फोन आलता बघा, कुस्ती दिसायलीया पण पैलवानाचं तोंडच ओळखंना. ढाक लावली का घिस्सा, काय कळंना म्हणालेत."

दोघे पैलवान भिडले की चित्राचे चौकोनी ठोकळे होणं, हा कमी बिटरेटचा ठरलेला रोग आहे. त्याचं मूळ बहुतेक वेळा '1080 म्हणजे स्वच्छ' या समजुतीत असतं. चित्र दाबून लहान करणाऱ्या एन्कोडरला दर सेकंदाला ठरावीक बिट्स मिळतात आणि ते सगळ्या पिक्सेलमध्ये वाटले जातात. पिक्सेल वाढवले की प्रत्येकाचा वाटा घटतो. म्हणून आधी अपलोड मोजायचं आणि मग रिझोल्यूशन ठरवायचं.

मोजायचं कधी, हे महत्त्वाचं. सकाळी रिकाम्या मैदानात स्पीड टेस्टने 8 एमबीपीएस अपलोड दाखवलं. त्या आकड्यावर काही ठरवू नका. दुपारी हलगी वाजू लागते, माणसं जमतात, प्रत्येकाच्या हातात फोन आणि सगळे त्याच टॉवरवर. गर्दी भरू लागल्यावर मी फोनचं इंटरनेट लॅपटॉपला देऊन ओबीएस या प्रसारणाच्या सॉफ्टवेअरमधून अनलिस्टेड चाचणी प्रसारण सुरू केलं आणि दुसऱ्या खिडकीत हे चालू ठेवलं:

```
ping -t 8.8.8.8
```

बिटरेट हळूहळू वाढवत नेला. 2200 केबीपीएसपर्यंत पिंग साठ-सत्तर मिलिसेकंदांवर स्थिर होता. त्याच्या वर गेलं की तो पाचशे-सातशेवर चढायचा, म्हणजे डेटा फोनमध्येच तुंबत होता. तुंबल्यावर ओबीएस फ्रेम टाकून देतं आणि प्रेक्षकाला चित्र अडकलेलं दिसतं. अशी जी स्थिर पातळी सापडते तिच्या साधारण दोन तृतीयांशच वापरावं, बाकीचं नेटवर्कच्या चढउतारासाठी मोकळं सोडावं. माझ्या वाट्याला आले 1450. त्यातले 96 आवाजाला, उरलेले सुमारे 1350 चित्राला.

आता वाटणी बघा. 1080 आणि 30 फ्रेमवर सेकंदाला 6.2 कोटी पिक्सेल होतात, तेव्हा 1350 केबीपीएसमध्ये एका पिक्सेलला 0.02 बिट येतो. कुस्तीसारख्या हालचालीत एवढ्यावर ठोकळे होणारच. 720 आणि 25 फ्रेमवर पिक्सेल 2.3 कोटी, वाटा जवळपास 0.06. कॅमेरा स्थिर असेल तर एवढ्यावर चेहरा ओळखता येतो. 25 फ्रेम घेण्याचं आणखी एक कारण आहे: आपली वीज 50 हर्ट्झची, त्यामुळे शटर 1/50 ठेवलं की दिव्यांची फडफड चित्रात येत नाही.

ओबीएसमध्ये Output Mode हे Advanced करून, x264 एन्कोडर निवडून ठेवलेल्या सेटिंग्ज:

```
Output (Scaled) Resolution: 1280x720
Common FPS Values: 25 PAL
Rate Control: CBR
Bitrate: 1350 Kbps
Keyframe Interval: 2 s
CPU Usage Preset: fast
Profile: high
Tune: (None)
```

प्रीसेट एरवी `veryfast` असतो. `fast` केला की लॅपटॉप जास्त राबतो, पण तेवढ्याच बिट्समध्ये चित्र चांगलं देतो. पिक्सेल कमी केल्यामुळेच ही चैन परवडते. लॅपटॉप मात्र सावलीतच ठेवा. तापला की त्याचा वेग उतरतो आणि Stats खिडकीत `Skipped frames due to encoding lag` वाढू लागतं. तसं झालं तर प्रीसेट एक पायरी हलका करायचा. `Dropped Frames (Network)` वाढत असेल तर दोष नेटवर्कचा, तिथे बिटरेट उतरवायचा. चित्र अडकताना दोन्ही सारखंच दिसतं, म्हणून आधी आकडा बघायचा.

Tune मध्ये `zerolatency` निवडायचा मोह टाळा. त्याने उशीर थोडा घटतो, पण बी-फ्रेम आणि पुढचं बघून बिट्स वाटण्याची सोय, दोन्ही बंद होतात. कुस्ती काही सेकंद उशिरा दिसली तरी पुण्यातल्या माणसाचं काही बिघडत नाही, दिसायला मात्र हवी.

सेटिंगइतकाच फरक कॅमेऱ्याच्या जागेने पडला. जमिनीवरून घेतलं की पैलवानांच्या मागे फेटे, हात, उडणाऱ्या टोप्या येतात, आणि हलणाऱ्या गर्दीवर एन्कोडर निम्मे बिट्स उधळतो. मामांना सांगून ट्रॅक्टरची ट्रॉली आखाड्याच्या कडेला लावून घेतली आणि ट्रायपॉड तिच्यावर चढवला. वरून बघताना मागे फक्त तांबडी माती राहते. माती हलत नाही, म्हणजे तिला जवळजवळ काही खर्च नाही, सगळे बिट्स अंगांवर आणि चेहऱ्यांवर. एक अट आहे: कॅमेरा फिरवायचा नाही. पॅन सुरू झालं की मातीवरही बिट्स खर्च होऊ लागतात. आखाडा पूर्ण मावेल अशी एकच फ्रेम बांधायची आणि ट्रॉलीवर पोरांना चढू द्यायचं नाही.

दिवस मावळल्यावर खरी परीक्षा. मोठ्या निकाली कुस्त्या शेवटी लागतात, तेव्हाच गर्दी सर्वांत जास्त आणि उजेड सर्वांत कमी. कॅमेरा ऑटोवर असेल तर तो गेन वाढवतो आणि चित्रात दाणे येतात. दाणे प्रत्येक फ्रेममध्ये वेगळे असतात, एन्कोडरला ती हालचालच वाटते. मी गेन हाताने धरून ठेवला, चित्र जरा काळसर राहू दिलं आणि कमिटीकडून एक हॅलोजन आखाड्याकडे वळवून घेतला.

तरीही नेटवर्क 1200 केबीपीएसच्या आसपास उतरलं. यासाठी ओबीएसमध्ये दुसरं प्रोफाइल आधीच बनवलेलं होतं: 854x480, 25 फ्रेम, 750 केबीपीएस. त्यात पिक्सेलचा वाटा 0.07 च्या वर जातो, म्हणजे चित्र लहान पण ठोकळ्यांशिवाय. प्रसारण चालू असताना ओबीएसमध्ये प्रोफाइल बदलता येत नाही, थांबवूनच बदलावं लागतं. त्यामुळे यूट्यूब स्टुडिओत Enable Auto-stop आधीच बंद करून ठेवा. दोन कुस्त्यांच्या मध्ये पंच इनाम पुकारतात तेवढ्या वेळात थांबवून, प्रोफाइल बदलून, पुन्हा सुरू केलं की तीच लिंक पुढे चालते.

सीमेवरच्या गावांची एक खास अडचण आहे. फोन कधी कर्नाटकच्या टॉवरवर, तर कधी महाराष्ट्र-गोवा सर्कलच्या. सर्कल बदलला की कनेक्शन नव्याने जुळतं आणि चालू प्रसारण तुटतं. फोनमधली नेटवर्कची आपोआप निवड बंद करून एकच हाताने निवडा. 5जी ये-जा करत असेल तर 4जीवर बांधून ठेवा. फोन हॉटस्पॉटने न जोडता यूएसबी केबलने जोडा, गर्दीतल्या वायफायचा त्रास वाचतो आणि चार्जिंगही होतं.

आणि डेटा पॅक तपासा. 1450 केबीपीएस म्हणजे तासाला साधारण 650 एमबी. रोज 2 जीबीच्या पॅकवर हे तीन तास चालतं, त्यानंतर वेग इतका उतरतो की आवाजसुद्धा जात नाही. दुपारी सुरू केलेलं मैदान मोठ्या कुस्त्यांच्या तोंडावरच बंद पडेल, तेव्हा जादा डेटाचं व्हाउचर बेळगाव सोडायच्या आधी मारून घ्या.