जीआय काढून काय बसवावं? घरची पाइपलाइन बदलतानाचा माझा अनुभव

आमची इमारत नव्वदच्या दशकातली, घर सगळ्यात वरच्या मजल्यावर. टाकीत महापालिकेचं आणि बोअरचं पाणी एकत्र येतं. बादली भरायला पूर्वीपेक्षा कितीतरी वेळ लागू लागला तेव्हा आधी नळाच्या जाळ्या साफ केल्या, मग मोरीतला एक एल्बो खोलला. अर्ध्या इंची जीआयचं, म्हणजे जस्ताचा थर दिलेल्या लोखंडी पाइपचं, आतलं भोक मुळात साधारण 16 मिमी असतं. तिथे आता करंगळीही जात नव्हती, जेमतेम 8 मिमी उरलं होतं. भोक निम्मं झालं की पाणी निम्मं होत नाही. त्याच दाबाला ते सहाव्या हिश्श्यावर येतं. वरच्या मजल्यावर टाकी डोक्यावर तीनेक मीटर, म्हणजे दाब 0.3 बार. इतक्या कमी दाबात हा फरक लगेच जाणवतो.

कापलेल्या तुकड्यात दोन थर वेगळे दिसतात. पांढरट, कडक थर क्षारांचा. त्याखाली तपकिरी, फुगलेले गाठीसारखे उंचवटे गंजाचे. क्षार खडबडीत गंजावर चटकन धरतात, म्हणून दोन्ही एकमेकांना वाढवतात. गंजाची सुरुवात बहुतेक वेळा आट्यांपाशी होते, कारण डाय फिरवून आटे पाडताना जस्ताचा थर निघून जातो आणि लोखंड उघडं पडतं. बाहेरून पाइप ठणठणीत दिसतो आणि सॉकेटपाशी पाझरतो. गरम पाण्याच्या लाइनीत हाल जास्त. साधारण 60 अंशांपुढे काही पाण्यांत जस्त लोखंडाचं रक्षण करणं सोडतं, आणि पाणी तापलं की क्षारही जास्त बसतात.

खरेदीआधी पाण्याची कठीणता तपासून घेतली. टीडीएस मीटर कठीणता सांगत नाही, त्यासाठी थेंब मोजायचा किट लागतो. आमच्याकडे 480 मिग्रॅ प्रतिलिटर निघाली. आयएस 10500 या पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकानुसार 200 पर्यंत स्वीकारार्ह आणि दुसरा स्रोत नसेल तर 600 पर्यंत चालते, म्हणजे आमचं पाणी चांगलंच जड.

तांबं गंजत नाही, आतून गुळगुळीत असतं आणि गरम पाणी आरामात सोसतं. पण इतक्या जड पाण्यात गरम लाइनीत क्षाराचा थर तांब्यातही बसतोच. शिवाय जुन्या लाइनीत ते कुठे जोडायचं याला महत्त्व आहे. जीआयच्या आधी तांबं आलं तर पाण्यात विरघळलेलं किंचित तांबं पुढच्या जस्तावर बसतं आणि पाइपला बारीक भोकं पडतात. जीआयच्या पुढे, मध्ये पितळी जोड घालून, ते चालतं. मला मिळालेल्या दरांत मीटरमागे सीपीव्हीसी, म्हणजे गरम पाण्याला चालणारं प्लास्टिक, एक धरलं तर जीआय दुपटीहून जरा जास्त आणि तांबं आठ-दहा पट होतं. त्यात सफाईदार डाग देणारा कारागीर शोधायचा. एवढ्या पैशात जड पाण्याचा प्रश्न सुटत नव्हता, म्हणून मी तांबं सोडलं.

उरलं प्लास्टिक. साधा यूपीव्हीसी फक्त गार पाण्यासाठी. गीझरच्या लाइनीला तो मऊ पडतो. सीपीव्हीसी गरमाला चालतो आणि गंज हा प्रश्नच संपतो. क्षार बसतात, पण पातळ, आणि खपलीसारखे सुटून नळाच्या जाळीत अडकतात.

इथेच प्लंबर हमखास घोटाळा करतात. अर्ध्या इंची जीआयच्या जागी अर्धा इंची सीपीव्हीसी टाकतात. पण त्याचा बाहेरचा व्यास 15.9 मिमी असतो, आणि एसडीआर 11 या जाडीच्या वर्गातली भिंत वजा केली की आत सुमारे 12.4 मिमी उरतात. नव्या जीआयच्या निम्म्याच्या आसपास पाणी! म्हणून मुख्य लाइन पाऊण इंची घेतली (आत सुमारे 18 मिमी) आणि अर्धा इंची फक्त शेवटच्या नळापर्यंत. फरक काही शे रुपयांचा.

जोडताना पाइप काटकोनात कापून कडा तासायच्या, सोल्युशन पाइपला सगळीकडे सारखं आणि फिटिंगला आतून पातळ लावायचं, पाव वळसा देऊन अर्धा मिनिट दाबून धरायचं. जास्त सोल्युशन लावलं तर आत त्याचा गोळा जमतो आणि भोक पुन्हा अरुंद. नळ आणि गीझरपाशी पितळी आट्यांचीच फिटिंग वापरायची. प्लास्टिकच्या आट्यांत लोखंडी निपल आवळला की कधीतरी फिटिंग चिरतं, आणि ते प्लास्टरच्या आत असतं.

गरम लाइन 4 मीटर असेल आणि पाणी 40 अंशांनी तापलं, तर सीपीव्हीसी सुमारे 1 सेंमी लांबतो. भिंतीत गच्च चिणण्याआधी वळणांपाशी फोमची पट्टी गुंडाळून घ्या. दुसऱ्या दिवशी दाबपंप लावून गळती पाहायची, प्लास्टर त्यानंतर.