गोल पाचर

कोकणातल्या आमच्या घराच्या पडवीत एका खांबाचं बूड वाळवीने खाल्लं होतं. खांब बदलायचा तर त्याच्यावरची तुळई आधी उचलून धरायला हवी. सुतारकाकांनी एक जाडजूड स्क्रू जॅक आणला, खाली लाकडी ठोकळा ठेवला, डोक्याच्या भोकात पहार घातली आणि दोन फेऱ्यांहून कमी फिरवून तुळई अर्धा इंच वर घेतली. कुजका खांब काढून बाजूला ठेवला आणि म्हणाले, "जेवून येतो."

"काका, हे असंच सोडून?"

"तो कुठे जातोय?"

ते गेले. मी मात्र जेवायचं सोडून जॅकसमोर बसलो. अंदाजे टनभर वजन एका दांड्यावर उभं, ना खिट्टी, ना कडी. कौलं, वासे, तुळई सगळे खाली दाबतायत, तरी दांडा उलटा फिरत नाही. का फिरत नाही?

कागदाचा काटकोन त्रिकोण कापून पेन्सिलीभोवती गुंडाळला तर त्याची तिरकी कड पेन्सिलीवर आट्यांसारखी चढत जाते. म्हणजे आटा हा मुळात चढच, फक्त जागा वाचवायला गोल गुंडाळलेला. आमच्या जॅकच्या आट्यांचा सरासरी व्यास साधारण ४० मिलिमीटर होता आणि दोन आट्यांमधलं अंतर ७. एक फेरी म्हणजे सव्वाशे मिलिमीटर चालून ७ मिलिमीटर चढणं, अर्थात अठरास एक असा चढ. घाटातला रस्ताही बहुधा याहून उभा असतो.

आता त्या चढावर तुळईचं वजन ठेवलंय असं समजा. ते खाली घसरू पाहतं, घर्षण त्याला धरून ठेवतं. ग्रीस लावलेल्या लोखंडी आट्यांमध्ये घर्षणाचा गुणांक ०.१२ धरला, तर चढ आठास एक होईपर्यंत वजन घसरत नाही. आपला चढ अठरास एक. घसरण्यासाठी तो दुपटीहून उभा हवा होता. अट इतकीच: आट्याचा चढ घर्षणाला पेलणाऱ्या चढाहून कमी हवा.

मला यातली खरी गंमत वाटली ती अशी की या अटीत वजन कुठेच येत नाही. टनाऐवजी दोन टन ठेवा, खाली ढकलणारा जोर दुप्पट होतो आणि अडवणारं घर्षणही दुप्पट. दांडा वाकेल, आटे कातरले जातील, पण वजन वाढलं म्हणून जॅक उलटा फिरणार नाही.

याची किंमत मोजावी लागते ती चढवताना. तेव्हा चढ आणि घर्षण दोन्ही आपल्याविरुद्ध. टनभराला आट्यावर सुमारे १७७ किलोचा जोर लागतो. पहार मध्यापासून ५० सेंटिमीटरवर धरली की हाताला तो सातेक किलो वाटतो. त्यातला तिसरा हिस्साही तुळई उचलण्यात जात नाही, बाकी घर्षण खातं. आणि हे टळणारं नाही. उतार रोखायचा तर घर्षणाचा वाटा चढाच्या वाट्याहून मोठा हवाच. म्हणून आपोआप न उतरणारा जॅक निम्म्याहून अधिक मेहनत वाया घालवतो. डोक्याच्या वाटीतलं घर्षण तर मी धरलेलंच नाही.

उलट पत्र्याला भोकं पाडणाऱ्या हाती फ्लाय प्रेसचा स्क्रू पाहा. तिथे एका दांड्यावर दोन-तीन आटे शेजारी-शेजारी गुंडाळलेले असतात, कारण दांडा झपकन खाली यायला हवा आणि सहज मागे जायलाही. आमच्या जॅकवर तसे तीन आटे असते, तर एका फेरीत २१ मिलिमीटर, म्हणजे सहास एक चढ झाला असता आणि तुळईने पहार गरगर उलटी फिरवली असती. दोन आट्यांचा चढ नऊला एक. कागदावर तो टिकतो, पण तेल जास्त झालं किंवा आटे झिजून गुळगुळीत झाले की गेला. अठराचा जॅकही हादऱ्यांनी हळूहळू सरकू शकतो.

काका ढेकर देत परतले तेव्हा मी हे सगळं त्यांना ऐकवलं. त्यांनी जॅककडे एकदा पाहिलं.

"म्हणजे गोल पाचर," म्हणाले. "पाचर फार उतरती तासली की ठोकल्यावर उडते. निमुळती तासली की बसते."

मग मला दिसलं की तुळईखाली, जॅकच्या शेजारी, त्यांनी जाण्याआधीच एक जाड टेकू उभा केला होता. वर पाचर मारलेला. माझं लक्षच नव्हतं.

"तो कुठे जात नाही म्हणालात ना?"

"शेजारून वाळूचे ट्रक जातात की."

नवा खांब बसला. टेकू काढून त्यांनी पहार उलटी फिरवायला घेतली. उतरवतानाही थोडा जोर लागत होता, अडीचेक किलोचा, पण तो त्यांनी एका हाताने दिला. अर्ध्या इंचानंतर तुळई खांबावर टेकली आणि पहार एकदम सैल होऊन भोकात खुळखुळली.